अर्थिंगची मोजणी आणि खुंट्यांमधील अंतर

पुण्याच्या जुन्या पेठांमधील एखाद्या शाळेच्या मीटरखोलीत गेल्यास भिंतीवर चौकटीत लावलेले एक प्रमाणपत्र बहुधा दिसते. त्यावर तारीख, ठेकेदाराची सही आणि ‘अर्थ रोध १.७ ओहम’ एवढीच नोंद असते. मुख्याध्यापक ते तपासणी अधिकाऱ्यास दाखवितात, अधिकारी ते पाहून शेऱ्यात ‘समाधानकारक’ असे लिहितात आणि विषय तेथे संपतो. मोजणीच्या वेळी दोन खुंट्या कोठे ठोकल्या होत्या, हे मात्र त्या कागदावर नसते. वस्तुतः ही माहिती नसेल तर १.७ या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. त्याच शाळेचे, त्याच दिवशी, त्याच यंत्राने मोजलेले उत्तर ३.२ किंवा ३.९ असेही येऊ शकते, आणि तिन्ही वेळा यंत्र निर्दोष असू शकते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी अर्थिंगचा रोध म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. अनेकांची अशी समजूत असते की खड्ड्यातील नळी किंवा पत्रा आणि तिला जोडलेली पट्टी यांच्या धातूचा हा रोध होय. धातूचा रोध अगदीच अल्प असतो. मोजावयाचा असतो तो सभोवतालच्या मातीचा रोध. नळीतून निघालेला विद्युत प्रवाह सर्व दिशांनी जमिनीत पसरतो. नळीच्या अगदी जवळ त्याला जाण्यास वाट अरुंद असते, म्हणून तेथे रोध अधिक पडतो. जसजसे दूर जावे तसतशी वाट रुंद होत जाते आणि रोधात पडणारी भर कमी कमी होते. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे मातीची एकाबाहेर एक अशी कवचे कल्पिली तर आतल्या कवचांचा वाटा मोठा आणि बाहेरच्यांचा लहान असतो.

हिशेब सोपा व्हावा म्हणून अर्थिंगच्या जागी धातूचा एक अर्धगोल जमिनीत पुरला आहे असे मानण्याची पद्धत आहे. अशा अर्धगोलाच्या त्रिज्येच्या दुप्पट अंतरापर्यंतच्या मातीत एकूण रोधापैकी निम्मा रोध असतो आणि दहापट अंतरापर्यंतच्या मातीत नव्वद टक्के. हा नव्वद टक्क्यांचा घेर म्हणजे त्या अर्थिंगचे प्रभावक्षेत्र होय. मोजणीतील बहुतेक चुका या घेराचा अंदाज न आल्यामुळे होतात.

विभवपात पद्धतीची रचना

या मोजणीसाठी जगभर वापरली जाणारी जुनी आणि विश्वसनीय पद्धत म्हणजे विभवपात पद्धती. तीत तपासावयाच्या अर्थिंगखेरीज दोन लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकतात. दूरची खुंटी प्रवाहासाठी असते. यंत्र अर्थिंग आणि ही खुंटी यांच्या दरम्यान जमिनीतून ठराविक प्रवाह सोडते. दुसरी खुंटी या दोहोंच्या मधे, त्याच सरळ रेषेत असते. तिच्यातून प्रवाह वाहावा असा हेतू नसतो; तेथील जमिनीचे विभव किती आहे एवढेच ती यंत्राला कळविते. अर्थिंग आणि मधली खुंटी यांच्यातील विभवांतराला प्रवाहाने भागले म्हणजे उत्तर ओहममध्ये मिळते. हा भागाकार यंत्र स्वतःच करते. पूर्वी दांडा फिरवून चालविण्याची यंत्रे होती, आता बहुतेक बॅटरीवर चालणारी आहेत; पण दोहोंचे तत्त्व एकच.

आता अडचण अशी की प्रभावक्षेत्र केवळ अर्थिंगलाच नसते, दूरच्या खुंटीलाही असते. मधली खुंटी अर्थिंगच्या प्रभावक्षेत्रात उभी राहिली तर बाहेरची कवचे मोजणीत येतच नाहीत आणि उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते. ती दूरच्या खुंटीच्या प्रभावक्षेत्रात शिरली तर त्या खुंटीच्या रोधाचा काही भाग उत्तरात मिसळतो आणि ते खऱ्यापेक्षा अधिक येते. दोन प्रभावक्षेत्रांच्या मधे अशी मोकळी जागा हवी की जेथे खुंटी थोडी पुढेमागे केली तरी आकडा फारसा हलणार नाही. दूरची खुंटी पुरेशी लांब नसेल तर ती दोन क्षेत्रे एकमेकांत घुसतात आणि अशी जागा उरतच नाही.

जमीन सर्वत्र सारखी आहे असे धरले तर गणिताने एक नेमकी जागा सापडते. मध्यापासून दूरच्या खुंटीपर्यंतच्या अंतराच्या ६१.८ टक्क्यांवर मधली खुंटी असेल तर दोन्ही बाजूंच्या चुका एकमेकींना छेद देतात आणि खरा आकडा मिळतो. कर्ड्‌ट्स यांनी १९५८ मध्ये आणि टॅग यांनी १९६४ मध्ये या प्रश्नाचे सविस्तर विवेचन केले, आणि तेव्हापासून ‘६२ टक्क्यांचा नियम’ वीजतंत्रींच्या तोंडी बसला. भूमितीत ज्याला सुवर्णगुणोत्तर म्हणतात तेच हे प्रमाण आहे, ही गणित शिकविणाऱ्या शिक्षकांना आवडावी अशी गोष्ट. तथापि, या नियमाचा आधार घेऊन खुंटी एकदाच ६२ टक्क्यांवर ठोकावी आणि एकच आकडा लिहून मोकळे व्हावे, हा मात्र नियमाचा दुरुपयोग होय.

यंत्राची परीक्षा

अंतराचा विचार करण्यापूर्वी यंत्र खरे बोलते की नाही हे पाहणे आवश्यक असते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. शाळेच्या टेबलावर दहा मिनिटांत हे होते. वायरींचे आवरण तुटलेले नाही, चिमट्यांना गंज नाही आणि बॅटरी उतरलेली नाही, हे पाहून झाल्यावर यंत्राची चारही टर्मिनले जाड तांब्याच्या तुकड्याने एकत्र जोडावीत. यंत्राने शून्य दाखविले पाहिजे. त्यानंतर १० ओहमचा एक अचूक रोधक घ्यावा. त्याच्या एका टोकाला अर्थिंगकडील प्रवाहाचे आणि विभवाचे टर्मिनल व दुसऱ्या टोकाला खुंट्यांकडील दोन्ही टर्मिनले जोडून आकडा घ्यावा. तो १० च्या अगदी जवळ असावा. ज्यांना एक-दोन ओहमच्या अर्थिंगची तपासणी करावयाची आहे त्यांनी १ ओहमचा रोधकही लावून पाहावा, कारण मोठ्या आकड्यावर बरोबर असणारे यंत्र लहान आकड्यावर चुकू शकते.

यापुढील परीक्षा सहसा कोणी करीत नाही, आणि पुण्यासारख्या ठिकाणी तीच अधिक उपयोगाची आहे. १० ओहमचा रोधक तसाच ठेवून दूरच्या खुंटीच्या वायरीत १,००० ओहमचा आणखी एक रोधक ओळीने घालावा. आकडा १० च राहिला पाहिजे. मग तोच रोधक तेथून काढून मधल्या खुंटीच्या वायरीत घालावा. याही वेळी आकडा हलता कामा नये. उन्हाळ्यात कोरड्या मुरुमात ठोकलेल्या खुंटीचा स्वतःचा रोध सहज एवढा किंवा याहूनही अधिक असू शकतो. चांगले यंत्र तो बाजूला ठेवून केवळ अर्थिंगचाच रोध सांगते. जुन्या काट्याच्या काही यंत्रांत विभव मोजणाऱ्या गुंडाळीतूनही थोडा प्रवाह वाहतो, त्यामुळे मधली खुंटी कोरडी असली की आकडा खाली येतो. असे यंत्र निकामी नसते, परंतु ते वापरताना मधल्या खुंटीला भरपूर पाणी पाजणे भाग असते.

वायरीचाही हिशेब असतो. यंत्र तीन टर्मिनलांवर चालविले तर अर्थिंगपर्यंत गेलेल्या वायरीचा रोध उत्तरात मिसळतो. १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या १० मीटर वायरीचा रोध सुमारे ०.१२ ओहम असतो. ३५ ओहमच्या नळीला त्याने काही बिघडत नाही, पण १ ओहमच्या अर्थिंगमध्ये ती बारा टक्क्यांची चूक होते. अशा वेळी चारही टर्मिनले वापरून प्रवाहाची आणि विभवाची वायर अर्थिंगपर्यंत वेगवेगळी न्यावी. दोन्ही खुंट्यांच्या वायरी रिळावरून पूर्ण उलगडाव्यात आणि एकमेकींना चिकटून टाकू नयेत. अन्यथा एकीतील प्रवाहाचा परिणाम दुसरीत उमटतो.

ही यंत्रे एकदिश प्रवाह वापरीत नाहीत, कारण ओल्या मातीत धातूच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया होऊन खोटे विभव निर्माण होते. ती प्रत्यावर्ती किंवा उलटसुलट होणारा प्रवाह सोडतात आणि त्याची वारंवारिता मुद्दाम ५० हर्ट्झहून वेगळी ठेवलेली असते. शहराच्या जमिनीत वीजपुरवठ्याचा भटका प्रवाह नेहमीच थोडाबहुत असतो. तो मोजणीत मिसळू नये हा त्यामागील हेतू. काटा किंवा आकडा सारखा थरथरत असेल तर भटका प्रवाह जास्त आहे असे समजावे. दांड्याच्या यंत्रात दांड्याचा वेग थोडा बदलला म्हणजे काटा स्थिर होतो.

एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. मोजणीसाठी अर्थिंगची पट्टी इमारतीच्या जोडणीपासून सुटी करावी लागते. मुख्य पुरवठा पूर्ण बंद केल्याखेरीज आणि तो कोणी चालू करणार नाही याची व्यवस्था केल्याखेरीज ती कधीही सोडू नये. कोठे दोष लपलेला असेल तर सोडलेल्या दोन टोकांमध्ये प्राणघातक व्होल्टेज येऊ शकते, आणि हे टोक हातात धरणारा बहुधा मदतनीस असतो.

एका शाळेचा हिशेब

आता सुरुवातीस उल्लेखिलेल्या शाळेसारखे एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. हे उदाहरण हिशेबासाठी कल्पिलेले आहे. मात्र त्यातील मापे पेठेतील सर्वसाधारण शाळेची आहेत. इमारत १५ मीटर लांब व १२ मीटर रुंद. चार कोपऱ्यांत प्रत्येकी अडीच मीटर लांबीची, ४० मिलिमीटर व्यासाची जस्तलेपित नळी पुरलेली असून इमारतीभोवती जमिनीत गाडलेल्या लोखंडी पट्टीने त्या चारही जोडलेल्या आहेत. मातीची रोधकता १०० ओहम-मीटर धरली आहे.

यांपैकी एकटी एक नळी घेतली तर सूत्रानुसार तिचा रोध सुमारे ३५ ओहम येतो. हिशेबाच्या अर्धगोलाची त्रिज्या होते अर्ध्या मीटरहूनही कमी, म्हणजे जवळजवळ ४५ सेंटिमीटर. तिचे नव्वद टक्क्यांचे प्रभावक्षेत्र साडेचार मीटरांत संपते. दूरची खुंटी २० मीटरांवर आणि मधली अगदी अर्ध्यावर, १० मीटरांवर ठोकली तरी यंत्र ३४.३ ओहम दाखवील. चूक दोन-सव्वादोन टक्क्यांची, म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखी. वीजतंत्र्याचा बहुतेक अनुभव अशा सुट्या नळ्यांचा असतो, आणि २० मीटर वायरीवर भागते ही समजूत त्यातूनच रुजलेली असते.

चारही नळ्या आणि पट्टी जोडलेल्या संपूर्ण अर्थिंगची गोष्ट मात्र निराळी आहे. तिच्या बरोबरीच्या अर्धगोलाची त्रिज्या ५ मीटर धरता येईल. खरा रोध ३.१८ ओहम. परंतु नव्वद टक्क्यांचे प्रभावक्षेत्र आता ५० मीटरांपर्यंत पसरले आहे. शाळेच्या पटांगणाच्याच नव्हे, तर शेजारच्या दोन-तीन वाड्यांच्याही पलीकडे. तपासनीस आला, त्याने पटांगणाच्या कडेला, इमारतीच्या मध्यापासून २० मीटरांवर दूरची खुंटी ठोकली आणि मधली खुंटी भिंतीपासून दोन मीटरांवर, म्हणजे मध्यापासून ८ मीटरांवर ठेवली. यंत्राने दाखविले १.७२ ओहम. प्रमाणपत्रावर आला तो हाच आकडा.

त्याच तपासनीसाने खुंटी फक्त पुढे पुढे सरकविली असती तर काय दिसले असते? १० मीटरांवर २.३९, १२ मीटरांवर ३.०५ आणि १४ मीटरांवर ३.९० ओहम. दर मीटरला आकडा चार दशांश ओहमने चढत जातो, कोठेही थांबत नाही. कागदावर आलेख काढला तर तो सपाट न होता चढणच दाखवितो. एवढ्यावरून अनुभवी माणसाला कळावे की दूरची खुंटी फार जवळ आहे आणि यांपैकी कोणताही आकडा लिहिण्यायोग्य नाही. ६२ टक्क्यांवर, म्हणजे १२.४ मीटरांवर, हिशेबाने ३.२० ओहम येतात हे खरे. पण ते जमीन एकसारखी आहे आणि अर्थिंगचा विद्युतमध्य इमारतीच्या बरोबर मध्यावर आहे या गृहीतांवर. प्रत्यक्षात हा मध्य कोठे आहे हे कोणास ठाऊक नसते. तो मीटरभर सरकला तरी उत्तर चार दशांशाने बदलते.

आता दूरची खुंटी १०० मीटरांवर नेऊ. मधली खुंटी ५२, ६२ आणि ७२ मीटरांवर ठेवून तीन आकडे घेतले तर ते अनुक्रमे ३.०५, ३.१९ आणि ३.३७ ओहम येतात. खुंटी वीस मीटर सरकूनही आकडे खऱ्या रोधाच्या पाच-सहा टक्क्यांच्या आत राहतात. मध्याचा अंदाज एक-दोन मीटरने चुकला तरी काही बिघडत नाही. तिन्ही आकडे जवळजवळ आहेत, हाच मोजणी बरोबर झाल्याचा पुरावा; आणि तो मोजणीतच मिळतो, बाहेरून कोणी सांगावा लागत नाही. म्हणून ६२ टक्क्यांवर एक आकडा घेऊन थांबू नये. त्याच्या दोन्ही बाजूंस, अंतराच्या दहा-दहा टक्क्यांवर आणखी दोन घ्यावेत. ते एकमेकांपासून फार दूर असतील तर दूरची खुंटी आणखी लांब न्यावी आणि पुन्हा मोजावे.

१.७ आणि ३.२ यांतील फरकाने बिघडते काय, असे कोणी विचारील. शाळेतील पाण्याच्या पंपाला ४० ॲम्पियरचा फ्यूज आहे, दोषाचा प्रवाह जमिनीतूनच परत जातो आणि रोहित्राच्या न्यूट्रलचे अर्थिंग १ ओहमचे आहे असे समजू. पंपाच्या आत तार सुटून २३० व्होल्ट त्याच्या कवचावर आले, तर प्रमाणपत्रातील १.७२ ओहम धरता दोषप्रवाह सुमारे ८५ ॲम्पियर होतो. तो ४० च्या दुपटीहून अधिक असल्याने फ्यूज काही वेळात जळतो. खऱ्या ३.१८ ओहमने मात्र प्रवाह ५५ ॲम्पियरच होतो. कार्ट्रिज फ्यूज तासाभराच्या आत खात्रीने जळावा यासाठी त्याच्या मापाच्या १.६ पट, म्हणजे ६४ ॲम्पियर, प्रवाह लागतो. ५५ ॲम्पियरवर तो जळेलच असे नाही. तेवढा वेळ पंपाचे कवच जमिनीच्या मानाने सुमारे १७५ व्होल्टवर राहील, आणि नळावर मुले पाणी पीत असतील. अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर बसविला असेल तर ३० मिलिअँपियरला पुरवठा तुटतो आणि एवढ्या रोधाने काही अडत नाही. परंतु तो बसविण्याची गरज आहे की नाही, हेच या आकड्यावरून ठरविले जाते, आणि १.७ वाचून ‘गरज नाही’ असा निर्णय होतो.

चुकीची दिशा येथे लक्षात घेण्यासारखी आहे. जागा अपुरी असली की माणूस मधली खुंटी स्वाभाविकपणे इमारतीच्या जवळ ठेवतो आणि आकडा कमी येतो. कमी आकडा सर्वांनाच आवडतो. त्यामुळे ही चूक पकडण्याची इच्छा कोणालाच होत नाही.

पुण्याच्या जमिनीतील अडचणी

पुणे शहर दख्खनच्या काळ्या कातळावर, बेसाल्टवर, वसलेले आहे. पर्वती, तळजई, वेताळ टेकडी या भागांत कातळावर मातीचा थर अगदी पातळ असून काही ठिकाणी तो नाहीच. नदीकाठाला गाळाची व काळी माती सापडते. कसबा आणि आजूबाजूच्या पेठांत शतकानुशतकांच्या वस्तीने साचलेली पांढरी, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कातळ. वरचा थर ओल धरणारा आणि खालचा कोरडा, कठीण, म्हणजे विजेच्या दृष्टीने दोन भिन्न जमिनी एकावर एक. ६१.८ टक्क्यांचे गणित एकसारख्या जमिनीचे आहे. अशा दुथरी जमिनीत योग्य जागा त्यापासून सरकते. म्हणूनही तीन आकड्यांची पडताळणी अपरिहार्य ठरते.

दुसरी अडचण जागेची. पेठेत १०० मीटर सरळ मोकळी जमीन कोठून आणावी? वायर गल्लीतून नेता येते, पण रस्ता डांबरी असतो. डांबरातून वीज वाहत नाही; खुंटी रस्त्याच्या कडेच्या मातीत, झाडाच्या आळ्यात किंवा जवळच्या बागेत ठोकावी. सिमेंटच्या काँक्रीटला थोडी ओल असल्याने तेथे वेगळा उपाय चालतो. काँक्रीटवर ओले गोणपाट अंथरून त्यावर लोखंडी पत्रा ठेवावा, वर वजन ठेवावे आणि वायर पत्र्याला जोडावी. गोणपाट पूर्ण भिजलेले असले की हा पत्रा खुंटीचे काम करतो.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. पेठांच्या पोटात जुने बिडाचे नळ, केबलींची लोखंडी आवरणे आणि गटारांचे पाइप गुंतलेले आहेत. कात्रजच्या तलावातून पेशवेकाळी आणलेला बांधीव नळही शहराखालून गेलेला आहे, पण तो दगड-विटांचा असल्याने त्याचा त्रास धातूइतका नाही. खुंट्यांची रेषा धातूच्या पाइपाला समांतर पडली तर प्रवाह पाइपाची सोपी वाट धरतो आणि विभव चुकीचे मिळते. कित्येकदा आलेखही फसवा, सपाट येतो. पाइप कोठे आहे हे ठाऊक असेल तर रेषा त्याला काटकोनात घ्यावी. ठाऊक नसेल तर सर्व मोजणी दुसऱ्या दिशेने पुन्हा करावी. दोन दिशांची उत्तरे जुळली तर चिंता नाही. न जुळल्यास जमिनीत काहीतरी आहे असे समजून तिसरी दिशा शोधावी.

जेथे एवढे अंतर मिळणेच अशक्य असेल तेथे टॅग यांची उतार पद्धती उपयोगी पडते. तीत मधली खुंटी एकूण अंतराच्या २०, ४० आणि ६० टक्क्यांवर ठेवून तीन आकडे घेतात. पहिल्या व दुसऱ्या आकड्यातील वाढ आणि दुसऱ्या व तिसऱ्या आकड्यातील वाढ यांच्या गुणोत्तरावरून, तयार कोष्टकाच्या साहाय्याने, मधल्या खुंटीची योग्य जागा ठरविता येते. विद्युतमध्य कोठे आहे याची माहिती नसली तरी चालते, हा तिचा मोठा गुण. गुणोत्तर कोष्टकाच्या मर्यादेबाहेर गेले तर दूरची खुंटी अद्याप फार जवळ आहे असा त्याचा अर्थ होतो.

नव्या इमारतींच्या बाबतीत याहून सोपी वाट आहे. नळ्या पट्टीला जोडण्यापूर्वीच प्रत्येक नळीचा रोध वेगवेगळा मोजून ठेवावा. सुट्या नळीचे प्रभावक्षेत्र लहान असल्याने २०-३० मीटरांत काम भागते, आणि पुढे एखादी नळी गंजून गेल्यास तुलनेला आधार राहतो. मात्र चार नळ्या जोडल्यावर एकूण रोध एकीच्या बरोबर चौथा हिस्सा होईल असे गृहीत धरू नये. जवळजवळच्या नळ्यांची क्षेत्रे परस्परांत मिसळतात, आणि गाडलेली पट्टी स्वतःही अर्थिंगचे काम करते.

अलीकडे पट्टीभोवती नुसता चिमटा लावून रोध सांगणारी यंत्रे मिळतात. ती खुंट्या मागत नाहीत म्हणून लोकप्रिय झाली आहेत. पण चिमटा मोजतो तो एका पूर्ण वर्तुळाचा रोध. ज्या अर्थिंगला जमिनीतून परत येणाऱ्या दुसऱ्या अनेक वाटा जोडलेल्या आहेत तेथेच त्याचे उत्तर उपयोगाचे असते. एकट्या, सुट्या नळीवर तो प्रचंड मोठा आकडा दाखवितो. उलट, पट्टी जमिनीखाली न जाता वरच्या वर दुसऱ्या पट्टीला मिळत असेल तर चिमटा धातूच्या वर्तुळाचा अल्पसा रोध दाखवून अर्थिंग उत्तम असल्याचा आभास निर्माण करतो.

मोजणीची वेळ आणि नोंद

भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील ६१ व्या नियमात वीजपुरवठादाराच्या अर्थिंगची परीक्षा कोरड्या ऋतूतील कोरड्या दिवशी, निदान दोन वर्षांतून एकदा, करावी असे म्हटले होते. पुढे त्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि नंतर २०२३ च्या विनियमांनी घेतली. परंतु कोरड्या दिवसाचा आग्रह धरण्यामागचे कारण जमिनीचे आहे आणि ते बदललेले नाही. पुण्यात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. ऑगस्टमध्ये घेतलेला आकडा भिजलेल्या मुरुमाचा असतो. मे महिन्यात तोच मुरूम कोरडा ठणठणीत होतो आणि रोध कितीतरी वाढतो. शाळांचे वार्षिक काम जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर उरकण्याची प्रथा आहे, ती या बाबतीत सोयीची असली तरी बरोबर नाही. मोजणी एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात, सुटीत करावी; तेव्हा पटांगणही मोकळे असते.

खुंट्यांना पाणी घालण्याविषयी एक गैरसमज आढळतो. दूरच्या किंवा मधल्या खुंटीभोवती पाणी ओतणे ही लबाडी नव्हे. त्याने यंत्राला पुरेसा प्रवाह मिळतो, अर्थिंगचा रोध बदलत नाही. लबाडी होते ती मोजणीच्या आधी अर्थिंगच्या खड्ड्यात बादल्या ओतल्याने. खुंटीला पाणी घातल्यावर आकडा बदलला, तर आधीचा आकडा अर्थिंगचा नसून कोरड्या खुंटीमुळे बिघडलेला होता. तो खोडून नवा घ्यावा, आणि पुन्हा पाणी घालून तो स्थिर आहे ना हे पाहावे.

भारतीय मानक ३०४३ हे अर्थिंगविषयीचे संहितापत्र प्रथम १९६६ मध्ये आले आणि १९८७ व २०१८ मध्ये सुधारण्यात आले. काम करणाऱ्या तंत्र्याकडे त्याची प्रत असणे इष्ट. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या दप्तरात मात्र त्यातील सूत्रांची गरज नाही. तेथे एका पानावर एवढे असले म्हणजे पुरे: मोजणीची तारीख आणि त्याआधी किती दिवस पाऊस नव्हता, यंत्राचा क्रमांक आणि १० ओहमच्या रोधकावर त्याने दाखविलेला आकडा, अर्थिंग सुटी केली होती की जोडलेली, दूरची खुंटी किती मीटरांवर आणि कोणत्या दिशेस, मधल्या खुंटीची तीन अंतरे आणि त्यांसमोर तीन आकडे. शेवटी एक हातकाढा नकाशा, ज्यात इमारत, खड्डे आणि खुंट्यांची रेषा दाखविलेली असेल. पुढल्या वर्षी येणारा तंत्री त्याच रेषेवर, त्याच अंतरांवर खुंट्या ठोकू शकेल, आणि आकडा वाढला असेल तर तो जमिनीमुळे किंवा गंजामुळे वाढला, खुंटी हलल्यामुळे नव्हे, हे सांगू शकेल. ज्या प्रमाणपत्रावर ही अंतरे नाहीत, ते स्वीकारण्यापूर्वी अधिकाऱ्याने ठेकेदाराला मोजणी आपल्यासमोर पुन्हा करावयास सांगावी आणि मधली खुंटी स्वतः दोनदा सरकवून पाहावी.